फेटलिंगसाठी मेडिकल: कंपनीला द्यायच्या कागदावर काय लिहायचं आणि काय फाईलमध्येच ठेवायचं

एमआयडीसीच्या आसपास नवीन दवाखाना टाकला की सहा महिन्यांत कुठल्यातरी कंपनीचा एचआरवाला येतोच, मॅडम आमच्या पोरांची जॉइनिंगची मेडिकल कराल का म्हणून. मीही अशीच सुरुवात केली, कुपवाडला, आणि पहिल्या वर्षी जी माती खाल्ली ती तुम्ही खाऊ नये म्हणून हे लिहितेय. फाउंड्रीचंच उदाहरण घेते, कारण आपल्या सांगली-मिरजेकडे फाउंड्रीची मेडिकल येतातच आणि घोळही तिथेच जास्त होतात.

आधी माझी चूक सांगते. एका कंपनीने लॅबशी ठरवून पॅकेज केलं होतं, साखर, किडनी, लिव्हर, हिपॅटायटिस बी, सगळंच. मी तपासायची, खाली "फिट" लिहायची आणि लॅबचे सगळे कागद स्टेपल करून पाकिटात घालून द्यायची. एका पोराचा हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आला. कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही, कास्टिंग उचलताना तो कुणाला होत नाही, म्हणून मी फिटच दिलं. पण कागद आत होता ना. चौथ्या दिवशी पोरगा माझ्यासमोर येऊन बसला, म्हणाला मॅडम कॅन्टीनमध्ये माझं ताट वेगळं ठेवलंय. त्यादिवशी कळलं की मी "फिट" लिहिलं त्याला काही अर्थच नव्हता, सगळ्यांनी वाचला तो मागचा कागद.

तर पहिलं काम, तपासणीच्या आधीचं. कंपनीला विचारायचं की माणूस नेमका कुठं उभा राहणार आहे. "ऑपरेटर" हे उत्तर चालत नाही. फाउंड्रीत मोल्डिंगचा ऑपरेटर वेगळा, फर्नेसचा वेगळा, फेटलिंगचा वेगळा. मी एका पानाचा फॉर्म केलाय, त्यात विभाग, मशीन, उचलायचं वजन, आवाज, धूळ, उष्णता, उंचीवरचं काम आणि शिफ्ट एवढंच भरायचं असतं. एचआरला निम्मं माहीत नसतं, तेव्हा सेफ्टी ऑफिसरला फोन लावायचा. आणि खरं सांगू, एकदा तरी आत जाऊन बघा. फेटलिंग म्हणजे कास्टिंग साच्यातून बाहेर आल्यावर त्याचे रायझर, कडा, चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरने काढणं. शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं, हातात ग्राइंडर थरथरत असतो आणि उन्हाच्या तिरिपीत बघितलं तर हवेत बारीक धूळ तरंगताना दिसते. ती वाळूची धूळ, म्हणजे सिलिका. त्यातली फुप्फुसात खोल जाते ती तर डोळ्याला दिसतच नाही. हे एकदा बघितलं की कुठल्या तपासण्या लागणार ते आपोआप कळतं: कान, फुप्फुस, डोळे, पाठ आणि हात. लिव्हरचं पॅनेल कशाला लागत नाही तेही कळतं.

कंपनीच्या पॅकेजवर काट मारायला लाजायचं नाही. एचआयव्हीची टेस्ट नोकरीची अट म्हणून करताच येत नाही, 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्याला बंदी आहे, आणि तरी काही पॅकेजमध्ये ती असते कारण कुणीतरी दुसऱ्या शहरातली यादी कॉपी केलेली असते. हिपॅटायटिस बी फाउंड्रीला लागत नाही. बाईची मेडिकल असेल तर गरोदरपणाची टेस्ट मी लावत नाही. आपल्याला कळलंच नाही तर आपल्याकडून फुटणारही नाही, साधं गणित आहे.

दुसरं काम उमेदवाराशी बोलण्याचं, आणि हे सुई टोचायच्या आधी, नंतर नाही. मी मराठीत सांगते की या या तपासण्या करणार आहे, सगळे निकाल तुला मिळतील, कंपनीला फक्त या कामाला चालतोस का आणि काय काळजी घ्यायची एवढंच जाईल. मग सही घ्यायची. त्याच वेळी अंगावरची एक ओळखखूण लिहून घ्यायची, तीळ, जुना व्रण काहीही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत सर्टिफिकेटवर सही किंवा अंगठा, पत्ता आणि एक तरी ओळखखूण हवी असं स्पष्ट आहे, आणि सर्टिफिकेटचं रजिस्टर ठेवून कॉपी जवळ ठेवायची. ओळखखुणीला हसू नका, भावाच्या जागी भाऊ तपासायला आलेला मी स्वतः बघितलाय.

आता एक केस. गावाचं नाव आणि बाकी ओळख बदललीय, मुद्दा तोच आहे. जत तालुक्यातला 24 वर्षांचा पोरगा, आयटीआय झालेला, एका फाउंड्रीत फेटलिंगला सिलेक्ट झाला. गणपती नुकतेच झाले होते.

कानाची तपासणी केली तर दोन्ही कानांत 4000 हर्ट्झला खड्डा, 40 डेसिबलपर्यंत. हा खड्डा आवाजाने कान गेल्याची खूण असते, बाकीच्या फ्रिक्वेन्सी बऱ्या, 4000 ला आलेख खाली जातो आणि 8000 ला परत वर येतो. पण पोरगा कधी कारखान्यात कामाला नव्हता. विचारलं, काल रात्री कुठं होतास. लाजत म्हणाला, मिरवणुकीत, डॉल्बीपुढं. तर हे नेहमीचं आहे, जोरात आवाज ऐकल्यावर कान काही तास बधिर राहतात आणि त्या वेळी काढलेला ऑडिओग्राम खोटा येतो. म्हणून आधीचे निदान 14 तास तरी मोठ्या आवाजापासून लांब राहायला सांगायचं, आणि अपॉइंटमेंट देतानाच सांगायचं, आल्यावर नाही. दोन दिवसांनी परत बोलावलं तेव्हा उजवा कान 15 वर आला, डावा 4000 ला 30 वर थांबला. म्हणजे थोडं कायमचं आहे, पण बोलणं, सायरन, हॉर्न सगळं नीट ऐकू येतं. हा आकडा जपून ठेवायचा, कारण हीच त्याची सुरुवातीची रेषा. पाच वर्षांनी कान गेले तर कंपनीमुळे किती आणि आधीचे किती हे यावरूनच ठरणार.

मग फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री. नवीन लोक इथं घाई करतात. नाकाला चिमटा, पूर्ण श्वास आत, मग एका दमात जोरात आणि सहा सेकंदांपर्यंत सोडत राहायचं, असं निदान तीनदा, आणि सगळ्यात चांगल्या दोन फुंकांमध्ये 150 मिलीलिटरपेक्षा जास्त फरक नको. पोरगा अर्ध्यात थांबला तर आलेख एकदम तुटलेला दिसतो, तो रोग नाही, तो कंटाळा आहे, परत करून घ्यायचं. याचे तिन्ही आलेख छान आले पण एकूण हवा अपेक्षेच्या 78 टक्के. थोडी कमी. एक्स-रे बघितला तर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण. तेव्हा कुठं पोराने सांगितलं की चार वर्षांपूर्वी टीबी झाला होता, सहा महिने गोळ्या पूर्ण केल्या. आधी फॉर्मवर "कुठलाही आजार नाही" लिहिलं होतं. त्याला रागावण्यात अर्थ नसतो, नोकरी जाईल म्हणून सगळेच तसं लिहितात. थुंकी तपासून घेतली, छातीच्या डॉक्टरांचं मत घेतलं, टीबी आता चालू नाही. आणि डोळ्यांत, इशिहाराच्या पुस्तकात, लाल-हिरव्याचा गोंधळ. ते पुस्तक दिवसाच्या उजेडात 75 सेंटिमीटरवर धरायचं आणि एका पानाला तीनेक सेकंद द्यायचे, पिवळ्या बल्बखाली केलं तर चुकीचं येतं.

तर हातात आले तीन मुद्दे, डावा कान, जुना टीबी, रंगांधळेपणा. आता खरं काम सुरू, गाळणी लावायचं. प्रत्येक गोष्टीला मी तीन प्रश्न विचारते. यामुळे हे काम करायला अडतं का? या कामामुळे हे वाढेल का? यामुळे शेजारच्या माणसाला धोका आहे का? तिन्हीला नाही आलं की ती गोष्ट माझ्या फाईलमध्ये आणि उमेदवाराच्या कानावर, कंपनीच्या कागदावर नाही.

कान: काम अडत नाही, पण फेटलिंगच्या आवाजाने वाढेल. म्हणजे कागदावर येतं, काळजी म्हणून. रंग: फेटलिंगला लाल-हिरवं ओळखावं लागत नाही, तिन्ही प्रश्नांना नाही, म्हणून येत नाही. टीबी: आता पसरत नाही, म्हणजे शेजारच्याला धोका नाही, काम करायची ताकदही आहे. पण दुसरा प्रश्न अडवतो. सिलिकाच्या धुळीने टीबी उलटायची शक्यता वाढते, आणि आधीच व्रण असलेल्या फुप्फुसावर ती धूळ वर्षानुवर्षं घालणं मला पटत नाही. म्हणून माझा निर्णय, फेटलिंगला नको.

आणि इथंच नवीन डॉक्टर लिहितो, "जुना क्षयरोग, फेटलिंगसाठी अनफिट". खरं आहे, पण हा कागद एचआर, सुपरवायझर, कॉन्ट्रॅक्टर, कधीकधी गेटवरचा वॉचमन एवढ्यांच्या हातातून जातो. बरा झालेला माणूस आयुष्यभर टीबीवाला होऊन बसतो. कंपनीला निर्णय घ्यायला रोगाचं नाव लागतच नाही, लागतं ते एवढंच की याला कुठं उभं करायचं आणि कुठं नाही. मी दिलेला मजकूर असा होता:

"तपासणी कोणत्या कामासाठी: फाउंड्री, फेटलिंग विभाग, तीन शिफ्ट.
निष्कर्ष: या कामासाठी योग्य नाही.
सिलिकाची धूळ असलेल्या ठिकाणी (फेटलिंग, शेकआउट, शॉट ब्लास्टिंग, सॅण्ड प्लांट) नेमू नये. ही मर्यादा मास्क वापरला तरी लागू राहील.
जिथं अशी धूळ नाही अशा कामासाठी विचार करता येईल. त्या कामाचं वर्णन पाठवल्यास वेगळा अभिप्राय दिला जाईल.
मोठ्या आवाजाच्या ठिकाणी नेमल्यास कानाचं संरक्षण सक्तीचं, सहा महिन्यांनी ऑडिओमेट्री."

यातल्या दोन गोष्टी मुद्दाम आहेत. एक, मर्यादा धुळीची लिहिलीय, फक्त विभागाची नाही. नुसतं "फेटलिंग नको" लिहिलं असतं तर त्याला शेकआउटला टाकलं असतं, तिथं गरम साचे फुटतात आणि धूळ तेवढीच. दोन, "छातीचा एक्स-रे पाहता" असे शब्द कुठंही नाहीत. "धूळ नको" याची दहा कारणं असू शकतात, दमा, ॲलर्जी, काहीही. एक्स-रेचं नाव घेतलं की अंदाज एकावरच येऊन थांबतो. अंदाज बांधायचा कुणी थांबवू शकत नाही, पण आपण बोट दाखवायचं नाही.

मास्कचं वाक्य का घातलं तेही सांगते. फोन येतोच, मॅडम आम्ही मास्क देतो की. मे महिन्यात भट्टीशेजारी आठ तास मास्क कोण घालतं ते बघितलंय मी, आणि दाढी असेल तर तो कडेने बसतही नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आलाच.

"मॅडम, नेमकं काय आहे त्याला? आमच्या साहेबांना सांगावं लागतंय."

"तेवढं मला सांगता येत नाही. धुळीत नको एवढंच तुमच्या कामाचं आहे."

"संसर्गाचं काय नाही ना पण?"

हा प्रश्न योग्य आहे, याला उत्तर द्यायचं. मी म्हटलं, दुसऱ्या कामगाराला धोका असता तर मी तसं कागदावर लिहिलं असतं, लिहिलेलं नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, मात्र ते खरं असेल तरच वापरायचं. थुंकीत जंतू सापडले असते तर मजकूर "तात्पुरता योग्य नाही, अमुक तारखेला पुन्हा तपासणी" असा गेला असता, त्यालाही आजाराचं नाव लागत नाही, आणि टीबीची सरकारी नोंद करणं वेगळं, ते डॉक्टर म्हणून आपल्याला करावंच लागतं, कंपनीमार्फत नाही.

मग एचआरवाल्याने चांगलं मन दाखवलं, हे व्हायला हवं होतं तेच. म्हणाला, बरं, मेंटेनन्सला हेल्पर हवाय, तिथं धूळ नाही, तोच कागद चालेल का? नवीन डॉक्टर हो म्हणून मोकळा होतो. नाही चालत. मेंटेनन्सचं वर्णन मागवलं तर निम्मं काम वायरिंगचं, पॅनेलमध्ये लाल, पिवळी, निळी फेज आणि हिरवी अर्थिंगची वायर. फेटलिंगला ज्याचा काही संबंध नव्हता तो रंगांधळेपणा इथं पहिल्या प्रश्नालाही अडला आणि तिसऱ्यालाही, चुकीची वायर जोडली तर मरेल दुसराच. म्हणून पोराला परत बोलावलं, त्याला सांगितलं की आता हे कंपनीला कळवावं लागतंय, तू हो म्हणतोस का. त्याने विचार केला आणि म्हणाला मेंटेनन्सचा अर्जच नको, दुसरं बघा. हा त्याचा हक्क आहे, त्याने माघार घेतली की तो कागद मी लिहितच नाही.

शेवटी मशीन शॉप. शेड वेगळी, धूळ नाही, सीएनसीवर कास्टिंगचं मशीनिंग. मशीनवरच्या दिव्याचा प्रश्न होता, लाल-पिवळा-हिरवा. सेफ्टी ऑफिसरकडून खात्री केली, त्यांच्या सगळ्या मशीनवर लाल सगळ्यात वर, हिरवा खाली, आणि अलार्म स्क्रीनवर अक्षरांतही येतो. जागेवरून कळतं, रंग ओळखायची गरज नाही. मग दिला: "मशीन शॉप, सीएनसी ऑपरेटरसाठी योग्य. कानाचं संरक्षण वापरावं, सहा महिन्यांनी ऑडिओमेट्री. धुळीची आधी कळवलेली मर्यादा कायम." रंगाचा उल्लेख नाही, कारण या कामाला तो लागत नाही.

योग्य, अटींसह योग्य, तात्पुरता योग्य नाही आणि या कामासाठी योग्य नाही, बहुतेक केसेस या चारातच बसतात. तात्पुरत्याला तारीख हवीच, नाहीतर पोरगा लटकतो. हर्नियावाल्याला 20 किलोची कास्टिंग उचलायला ऑपरेशन होईपर्यंत नको, पण तो कायमचा अनफिट नाही. आणि नुसतं "अनफिट" हा शब्द मी कधीच लिहीत नाही, कशासाठी ते सोबत नसलं की तो माणसावर शिक्का होतो.

आता गळती कुठून होते ते. तुम्ही कागद कितीही जपून लिहा, लॅबवाला रिपोर्टची पीडीएफ थेट एचआरच्या व्हॉट्सॲपवर टाकतो, कारण पैसे कंपनी देते. लॅबला लेखी सांगा, रिपोर्ट फक्त माझ्याकडे. दुसरी गळती बिलातून, आणि ही मला फार उशिरा कळली. मी बिलात लिहायची, अमुक उमेदवार, थुंकी तपासणी, अमुक रुपये. झालं की मग, अकाउंटवाल्याला सगळं कळलं. आता बिलात फक्त "नोकरीपूर्व तपासणी, एक उमेदवार" आणि जास्तीच्या तपासण्या कंपनीच्या बिलात घालतच नाही. थुंकी सरकारी दवाखान्यात फुकट होते, तिकडं पाठवते.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. 1948 च्या कारखाना कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात फाउंड्री धोकादायक प्रक्रियांमध्ये होती, आणि कलम 41-सी मध्ये अशा कामावर घेण्याआधी तपासणी, नंतर 12 महिन्यांच्या आत पुन्हा, आणि कामगारांची आरोग्य नोंद ठेवणं आलं होतं, ती नोंद कामगाराला बघायला मिळायला हवी हेही आलं होतं. म्हणजे धोकादायक कामावर लागलेल्यांचे ऑडिओमेट्री, एक्स-रेचे निकाल ठरलेल्या नमुन्यात भरावे लागतात, तिथं "फक्त योग्य आहे" म्हणून सुटता येत नाही. ते कागद फॅक्टरी मेडिकल ऑफिसरकडे बंद पाकिटात जातात, एचआरच्या फाईलला नाही. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा लेबर कोडने घेतलीय, नमुने आणि त्यांचे नंबर बदलतायत, त्यामुळे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयातून चालू नमुना घ्या, जुनी झेरॉक्स चालवू नका.

फाईल निदान तीन वर्षं ठेवायची आणि उमेदवाराने मागितली तर 72 तासांत द्यायची. मी धुळीच्या कामाच्या फायली फेकतच नाही, सिलिकोसिस दहा-वीस वर्षांनी दिसतो आणि तेव्हा पहिल्या दिवसाचा एक्स-रे कुणाकडेच नसतो.

जतच्या पोराला त्याची पूर्ण कॉपी दिली, एक्स-रेसकट. सांगितलं की दुसऱ्या कुठल्या फाउंड्रीत गेलास तरी ही आधी तिथल्या डॉक्टरला दाखव आणि धुळीत उभा राहू नकोस. त्याने कॉपी घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि विचारलं, मॅडम, पुढच्या वर्षी मिरवणुकीत डॉल्बीपुढं उभं राहिलं तर चालेल का. कानात बोळे घालून, आणि ऑडिओमेट्रीच्या आदल्या रात्री नको, असं सांगून पाठवला.